पंप नवा, सक्शन जुनंच: आमच्या सोसायटीच्या पंपाचा एनपीएसएच तपासताना

मुलुंड पूर्वेला आमची तळमजला अधिक सात मजल्यांची इमारत आहे. जानेवारी २०२४ मध्ये सोसायटीने पाच एचपीचा जुना पंप काढून साडेसात एचपीचा नवा मोनोब्लॉक बसवला. जूनपर्यंत त्याचा इम्पेलर खराब झाला. वॉरंटीसाठी गेलो तर विक्रेत्याने लेखी कळवलं की सक्शनकडची, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या बाजूची, आकडेमोड सही करून द्या, मगच बोलू. मी ठाण्याला एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात आहे, म्हणून ते काम कमिटीने माझ्याकडे सोपवलं. अशी वेळ बऱ्याच सोसायट्यांवर येते आणि तेव्हा कुठून सुरुवात करायची तेच समजत नाही. म्हणून घडलं तसं लिहितेय.

आवाज एप्रिलअखेरीस सुरू झाला होता. पत्र्याच्या डब्यात खडी घालून हलवल्यासारखा, आणि तोही पंप सुरू झाल्यावर लगेच नाही, बऱ्याच वेळाने. वॉचमनने दोनतीनदा सांगितलं, पण पाणी गच्चीवर चढत होतं त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. मग महापालिकेची पाणीकपात आली, ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के. खालची टाकी पूर्ण भरेनाशी झाली आणि खडखड पहिल्या मिनिटापासून ऐकू यायला लागली. गच्चीवरची टाकी भरायलाही जास्त वेळ लागू लागला.

१२ जूनला पंप उघडला. इम्पेलर ब्राँझचा. पाती जिथे सुरू होतात तिथून थोडं पुढे, पात्यांच्या पाठीमागच्या अंगाला, टोकदार कडांचे बारीक खड्डे पडले होते. बोट फिरवलं तर स्पंजासारखं खरखरीत लागत होतं. बाहेरच्या कडा मात्र जवळजवळ नव्यासारख्या. आमचे प्लंबर मामा म्हणाले, "रेतीने खाल्लाय, ताई." पण रेती घासते तेव्हा गुळगुळीत चऱ्या पडतात, आणि त्या बाहेरच्या कडेला, जिथे पाण्याचा वेग जास्त असतो. आत, पात्याच्या तोंडाशी, जिथे दाब सगळ्यात कमी असतो तिथेच खड्डे दिसले तर कॅव्हिटेशनचा संशय घ्यायचा. तिथे दाब इतका उतरतो की ३० अंशांचं पाणीही उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि पुढे दाब वाढला की ते धातूवरच फुटतात. इम्पेलर हातात असतानाच भरपूर उजेडात, जवळून फोटो काढून ठेवा. पुढच्या पत्रव्यवहारात आम्हाला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. नवा इम्पेलर ६,८०० रुपयांचा होता. पाण्यावाचून राहता येत नाही म्हणून तो लगेच बसवला आणि वाद नंतर घालायचं ठरलं.

१८ जूनला विक्रेत्याचं पत्र आलं. नेमप्लेटप्रमाणे पंप ४५ मीटर हेडला, म्हणजे ४५ मीटर उंचीइतक्या दाबाला, सेकंदाला ६ लिटर देतो, त्या प्रवाहाला लागणारा एनपीएसएच, म्हणजे पाण्याची वाफ होऊ नये म्हणून पंपाच्या तोंडाशी हवा असलेला दाब, २.८ मीटर आहे, तुमच्याकडे तेवढा सहज मिळायला हवा, तेव्हा सक्शनच्या जोडांतून हवा शिरत असणार, असा त्याचा आशय होता. पत्र सभ्य होतं आणि त्यातले आकडेही खोटे नव्हते. मला एवढीच शंका होती की पंप खरंच ६ लिटर देतोय का?

एनपीएसएचचा हिशोब तसा साधा आहे. पंपाच्या तोंडाशी पाणी येतं तेव्हा वाफ होण्यापासून ते किती मीटर दूर आहे, तो उपलब्ध एनपीएसएच. पंपाला आत किती हवं, तो लागणारा एनपीएसएच. हा कंपनीच्या आलेखात मिळतो. उपलब्ध आकडा असा काढतात: हवेच्या दाबाचे मीटर घ्यायचे, त्यातून पाण्याच्या वाफेचा दाब वजा करायचा, पाणी पंपाच्या मध्यरेषेपासून जितकं खाली आहे ते वजा करायचं, आणि सक्शन पाइपातलं घर्षण वजा करायचं. उरतं ते पंपाचं. यातले पहिले दोन आकडे फारसे हलत नाहीत. सगळा खेळ शेवटच्या दोघांत, आणि शेवटचा तर प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. म्हणून आधी खरा प्रवाह कळल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही असं ठरवलं.

२२ जूनला, शनिवारी, मोजमाप केलं. प्रवाहमापक आणायची गरज पडली नाही. गच्चीवरची टाकी आतून ५ बाय ४ मीटर आहे, म्हणजे २० चौरस मीटर. मजल्यांकडे जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद केले आणि टाकीत सरळ उभी पट्टी धरून दहा मिनिटांत पाणी किती चढतं ते पाहिलं. घड्याळ पंप सुरू होताच लावू नका; पाइप भरून धार स्थिर झाली की लावा. शिवाय सकाळी सगळ्यांना बादल्या भरून ठेवायला सांगावं लागतं, नाहीतर पाचव्या मिनिटाला कोणीतरी फोन करतंच. शुक्रवारी पंप कमी चालवून खालची टाकी भरून घेतली होती. त्या भरल्या टाकीवर पाणी साडेपंचवीस सेंटिमीटर चढलं. ५,१०० लिटर, ६०० सेकंद. म्हणजे सेकंदाला ८.५ लिटर.

नेमप्लेटवर ६, प्रत्यक्षात साडेआठ. यात जादू काही नव्हती. खालच्या पाण्यापासून गच्चीच्या टाकीतल्या इनलेटपर्यंतची उंची २७.५ मीटर, डिलिव्हरी पाइपातलं घर्षण सुमारे अडीच आणि सक्शनमधलं चारच्या आसपास, असं धरून पंपापुढे एकूण ३४ मीटरचं काम होतं. घेताना मात्र ४५ मीटरचा घेतला, कारण सल्ला देणाऱ्याने थोडं जास्त धरलं, कॉन्ट्रॅक्टरने त्यावर आणखी थोडं, आणि कमिटीला एचपी जास्त म्हणजे चांगलंच वाटलं. पंपाला काम कमी पडलं की तो हेड आणि प्रवाहाच्या आलेखावर उजवीकडे सरकतो आणि पाणी जास्त फेकतो. उजवीकडे गेला की त्याला लागणारा एनपीएसएचही वाढतो. डोक्यावर जास्तीचं हेड धरणं म्हणजे सुरक्षितता, असं डिलिव्हरीच्या बाजूने खरं असेलही. सक्शनच्या बाजूने ते उलटं पडतं.

सक्शन फ्लँजवर पाव इंची प्लग होता. तो काढून ७५० रुपयांचा व्हॅक्यूम गेज लावला. टेफ्लॉन टेप नीट गुंडाळा, कारण तिथूनच हवा ओढली गेली तर वाचन खोटं येईल आणि विक्रेत्याच्या हातात आयतं कोलीत जाईल. भरल्या टाकीवर काटा ४३० मिलिमीटर पाऱ्यावर होता. ७३.५ ने भागलं की पाण्याचे मीटर मिळतात, म्हणजे ५.८५.

रविवारी तेच सगळं रिकाम्या होत आलेल्या टाकीवर, फ्लोट स्विच पंप बंद करतो त्याच्या जरा आधी केलं. पाणी आता मध्यरेषेच्या साडेतीन मीटर खाली; भरलेल्या टाकीत ते दीड मीटर खाली असतं. खडखड इतकी होती की पंपरूममध्ये बोलणं ऐकू येईना. काटा ४८० च्या आसपास थरथरत होता. दहा मिनिटांत चढलं साडेएकवीस सेंटिमीटर, म्हणजे ७.१७ लिटर. पातळी दोन मीटरने उतरली म्हणून प्रवाह थोडा कमी होणारच, पण आलेखाप्रमाणे तो ८.१ च्या आसपास राहायला हवा होता. मधलं जवळजवळ एक लिटर वाफेने खाल्लं होतं.

मग एक चाचणी केली, तिला पैसा लागत नाही. पंप चालू ठेवून डिलिव्हरीचा गेट व्हॉल्व्ह हळूहळू आवळत गेले. काही फेऱ्यांनंतर आवाज विरला आणि काटा ४१५ वर स्थिर झाला. त्या अवस्थेत मोजलं तर दहा मिनिटांत १८ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर ६ लिटर. हवा शिरत असती तर व्हॉल्व्ह आवळून आवाज असा गेला नसता, गच्चीवर पाणी दुधाळ पडलं असतं, आणि गेजचा आकडा हिशोबापेक्षा कमी दिसला असता. तिन्ही खुणा नव्हत्या. कायमचा इलाज होईपर्यंत व्हॉल्व्ह तिथेच ठेवला, वर "हात लावू नये" अशी पाटी लावली आणि वॉचमनला टाकी भरायला जास्त वेळ लागेल याची कल्पना दिली.

एनपीएसएचचा आलेख मिळवणं हा वेगळाच प्रकार निघाला. पंपासोबत येणाऱ्या पत्रकात फक्त हेड आणि डिस्चार्जचा तक्ता असतो. विक्रेता म्हणाला कंपनीला विचारा, कंपनी म्हणाली विक्रेत्यामार्फत या. शेवटी नेमप्लेटचा फोटो, सीरियल नंबर आणि बिलाची प्रत एकाच ईमेलमध्ये दोघांनाही पाठवली, तेव्हा ३ जुलैला आलेख आला. नवीन पंप घेणार असाल तर पैसे देण्याआधी तो मागून घ्या. आलेखावर ६ लिटरला २.८ मीटर, ७.२ ला ३.५ आणि ८.५ ला ४.२.

७ जुलैच्या रविवारी हिशोब मांडला. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०.३३ मीटर धरायची पद्धत आहे, पण मुंबईत पावसाळ्यात दाब उतरतो, म्हणून १०.२ धरला. ३० अंशांच्या पाण्याचा वाफेचा दाब ०.४३. उरले ९.७७. (गरम पाण्याचा पंप असेल तर हाच आकडा डोईजड होतो, ६० अंशांना तो दोन मीटरच्या वर जातो.)

आता घर्षण. जुना सक्शन पाइप अडीच इंची जीआय, आतून साधारण ६८ मिलिमीटर, लांबी ९ मीटर, तीन एल्बो आणि तळाशी जाळीसकट फूटव्हॉल्व्ह. ८.५ लिटरला त्यात वेग सेकंदाला २.३४ मीटर होतो. सक्शनमध्ये दीडच्या वर जाऊ नये असं आम्ही कारखान्यात पाळतो. या वेगाचं हेड, म्हणजे पाण्याला तेवढा वेग देण्यात खर्ची पडणारा दाब, ०.२८ मीटर. जुन्या, गंजलेल्या पाइपाचं घर्षण त्याच्या साडेचार पट आलं, म्हणजे १.३ मीटर. फूटव्हॉल्व्हला साडेसात पट आणि तीन एल्बोंना मिळून दोन पट धरले, ते २.७. एकूण ४ मीटर. यात अर्ध्याहून अधिक वाटा एकट्या फूटव्हॉल्व्हचा आहे, आणि पंप बदलताना त्याच्याकडे कोणी पाहत नाही. जुना पाच एचपीचा पंप साधारण साडेपाच लिटरच देत होता. तेव्हा हेच घर्षण १.७ मीटरच्या पुढे जात नव्हतं, म्हणून ते इतकी वर्षं निभावलं.

भरल्या टाकीवर ९.७७ मधून १.५ आणि ४ गेले, उरले ४.३. लागतात ४.२. फरक दहा सेंटिमीटरचा. गेजवरून पडताळलं: दीड अधिक चार अधिक वेगाचे ०.२८, म्हणजे ५.७८ मीटर, काट्याने दाखवलेले ५.८५. इतकं जुळलं की हिशोबावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. रिकाम्या टाकीवर ८.५ लिटरच धरले तर उरतात जेमतेम २.३, म्हणजे तो प्रवाह तिथे मिळणंच शक्य नव्हतं. मोजलेल्या ७.१७ लिटरला घर्षण २.८५ होतं, उपलब्ध ३.४ आणि लागणारे जवळजवळ ३.५. दोन्ही आकडे एकमेकांवर येऊन टेकले होते. प्रवाह तिथेच का अडकला याचं उत्तर मिळालं.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आलेखातला लागणारा एनपीएसएच म्हणजे जिथे पंपाचं हेड ३ टक्के पडलेलं असतं ती अवस्था. तिथे कॅव्हिटेशन सुरू होऊन बराच वेळ झालेला असतो. म्हणजे उपलब्ध आकडा लागणाऱ्याच्या बरोबरीला आला की झालं, असं नाही. मी किमान एक मीटर जास्त किंवा १.३ पट, यातलं जे मोठं असेल ते मागते, आणि तेही सगळ्यात खालच्या पातळीला. विक्रेत्याच्या ६ लिटरच्या हिशोबात रिकाम्या टाकीवरही ४.२८ मीटर मिळतात आणि २.८ लागतात, म्हणजे सगळं आलबेल. त्यांचा कागद बरोबर होता. फक्त आमचा पंप त्या बिंदूवर चालत नव्हता. दोन्ही प्रवाहांचे रकाने शेजारीशेजारी मांडून, फोटो आणि गेजची वाचनं जोडून पाठवलं. हवा शिरण्याचा मुद्दा त्यांनी सोडला. वॉरंटी मात्र नाकारली, कारण पंपाची निवड आणि पाइप त्यांनी केले नव्हते. त्यात मला वावगं वाटलं नाही. कॉन्ट्रॅक्टरने इम्पेलरचे अर्धे पैसे दिले.

उपाय म्हणून सक्शन चार इंची करायचं ठरलं, एक एल्बो कमी करून. खर्च कमिटीच्या अधिकाराबाहेरचा असल्याने २१ जुलैला विशेष सभा घ्यावी लागली. तीन कोटेशनं होती, ४६,००० पासून ७१,००० पर्यंत. सगळ्यात स्वस्तात जुनाच अडीच इंची फूटव्हॉल्व्ह रिड्यूसर लावून वापरायचा होता. सभेला घर्षणातला फूटव्हॉल्व्हचा वाटा दाखवला, तेव्हा ते मागे पडलं आणि ५८,००० चं मंजूर झालं. एका काकांनी विचारलं, "व्हॉल्व्ह आवळून चालतंय ना, मग खर्च कशाला?" प्रश्न रास्त होता. चालतंय, पण विजेचे पैसे देऊन तयार केलेला दाब व्हॉल्व्हमध्ये जाळतो आपण. आणि फूटव्हॉल्व्हची जाळी थोडी तुंबली की पुन्हा काठावर.

नव्या पाइपाचा हिशोब करताना एक गंमत दिसली. ८.५ लिटरला घर्षण चारवरून ०.५५ मीटरवर येतं. पण हे साडेतीन मीटर पंपाच्या कामातूनही कमी होतात, म्हणून पंप आणखी उजवीकडे सरकतो. भरल्या टाकीवर तो ९.१ लिटर देणार, आणि लागणारा एनपीएसएच ४.९ वर जाणार. सक्शन सुधारून मिळवलेलं थोडं पंप स्वतःच खातो. रिकाम्या टाकीवर ८.७ लिटर, उपलब्ध ५.७ आणि लागणारे ४.४. म्हणजे १.३ मीटर जास्त आणि जेमतेम १.३ पट, माझ्या अटीच्या काठावर. त्यामुळे नव्या पाइपावरही डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून ७.५ लिटरवर ठेवायचं ठरवलं. तिथे ५.८ मिळतात, लागतात ३.६ च्या आसपास. फ्लोट स्विच तीस सेंटिमीटर वर घेण्याचाही पर्याय होता. तेवढेच तीस सेंटिमीटर एनपीएसएचमध्ये सरळ मिळतात. पण खालची टाकी २४ चौरस मीटरची, म्हणजे ७,२०० लिटर साठा कायमचा अडकणार. पाणीकपात भोगलेल्या लोकांना ते कोण सांगणार?

काम ३ आणि ४ ऑगस्टला झालं. पंपाशी जोडताना रिड्यूसर एका बाजूने सपाट असलेला घ्या आणि सपाट बाजू वर ठेवा. मामांनी आधी नेहमीचा शंकूसारखा आणला होता, तो परत पाठवला. आडव्या पाइपात त्याच्या वरच्या भागात हवा साठून राहते. पाइपाला पंपाकडे किंचित चढही हवा, त्याच कारणासाठी. पंपाच्या तोंडाला लागून एल्बो नको, आधी अर्धा मीटर तरी सरळ पाइप ठेवा.

पाणीकपात २९ जुलैला उठली होती, त्यामुळे तपासणीसाठी खालची टाकी मुद्दाम उतरवावी लागली. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून भरल्या टाकीवर दहा मिनिटांत सव्वासत्तावीस सेंटिमीटर चढलं, म्हणजे जवळजवळ अपेक्षित ९.१. मग व्हॉल्व्ह साडेबावीस सेंटिमीटरवर आणून ठेवला. रिकाम्या टाकीवर गेज २९५ दाखवतं, हिशोबाने २९२ यायला हवं होतं. खडखड नाही.

गेज आता कायमचा तिथेच आहे, मध्ये छोटा कॉक टाकून, म्हणजे काटा सतत हलून खराब होणार नाही. वॉचमन दर सोमवारी खालची टाकी रिकामी होत आलेली असताना कॉक उघडून आकडा वहीत लिहितो. त्याच पातळीला ३४० च्या वर गेला तर फूटव्हॉल्व्हची जाळी साफ करायची, असं पंपरूमच्या दारावर लिहून ठेवलंय. तेवढं चढलं तरी दीड मीटर हाताशी उरतात.